येणे किती, देणे किती: बचत गटाच्या वार्षिक सभेतले कोषाध्यक्षांचे भाषण

मार्च संपला की गावोगावच्या बचत गटांच्या वार्षिक सभा सुरू होतात. समाजमंदिरात नाहीतर शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरल्या जातात, पाहुणे येतात, अध्यक्षांचे प्रास्ताविक होते आणि मग कोषाध्यक्षांना बोलायला उभे करतात. त्यांनी दोन गोष्टी सांगायच्या असतात: गटाची एकूण बचत किती झाली आणि कर्ज किती येणे आहे. पुष्कळ ठिकाणी हे भाषण दोन मिनिटांत उरकते. "आपली बचत एक लाख चव्वेचाळीस हजार झाली, कर्ज तीन लाख आठ हजार आहे, वसुली चांगली आहे, धन्यवाद." टाळ्या पडतात आणि चहा फिरायला लागतो.

एवढ्यावरून सभेला बसलेल्या बाईला काय कळणार? बचत दीड लाखाच्या आत आणि कर्ज तीन लाखांवर, म्हणजे गट बुडीत निघाला की काय, अशी शंका एकीला येते. तिच्या शेजारणीला वाटते की दीड लाख रुपये बँकेत पडून आहेत, मग दिवाळीला वाटून का घेऊ नयेत? दोघींची समजूत चुकीची आहे, पण दोष त्यांचा नाही. कोषाध्यक्षांचे आकडे खरे असले तरी अपुरे होते. बचत कुठे गेली आणि कर्ज कोणी कोणाला द्यायचे आहे, हे त्यातून कळलेच नाही.

हे भाषण नीट कसे करावे आणि ऐकणारीने ते कसे तपासावे, हे कळण्यासाठी एका गटाचा पूर्ण हिशेब मांडून बघू. गट काल्पनिक आहे, पण आकडे ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुठल्याही पाच वर्षांच्या गटात शोभतील असे घेतले आहेत. बारा सभासद, दरमहा २०० रुपये बचत, सभासदांना कर्ज दरमहा शेकडा दीड रुपया व्याजाने. यंदा मे महिन्यात या गटाने बँकेकडून दोन लाखांचे कर्ज घेतले आणि मार्चपर्यंत ८,००० रुपये मुद्दलाचे दहा हप्ते फेडले. या गटाच्या कोषाध्यक्षांनी सभेत असे बोलावे:

"ताईंनो, ३१ मार्चला आपल्या गटाला पाच वर्षे पूर्ण झाली. आपण बारा जणी, महिन्याला दोनशे रुपये, साठ महिने. एकूण बचत १,४४,००० रुपये. प्रत्येकीच्या पासबुकात १२,००० दिसायला पाहिजेत, आत्ताच उघडून बघा. आपण आपल्याच कर्जावर भरलेले व्याज आणि दंड यांतून सगळा खर्च जाऊन पाच वर्षांत ६१,००० रुपये साठले. फिरता निधी १५,००० मिळाला होता, तोही गटातच आहे. ही २,२०,००० रुपयांची पुंजी गटाची स्वतःची. बँकेचे १,२०,००० आपण अजून देणे लागतो. सगळे मिळून ३,४०,००० रुपये झाले. आता हे पैसे कुठे आहेत ते सांगते. आपल्यातल्या नऊ जणींकडून गटाला ३,०८,००० रुपये येणे आहे. बँकेतल्या बचत खात्यात ३०,६०० आहेत. पेटीत १,४०० रोख आहेत. बेरीज करा, ३,४०,००० होतात."

एवढे बोलायला तीन-चार मिनिटे लागतात. पण त्यात एक बाजू आहे पैसे कुठून आले याची आणि दुसरी आहे ते आज कुठे आहेत याची. दोन्ही बेरजा जुळल्या पाहिजेत. हिशेबनीस याला ताळेबंद म्हणतात, पण तो समजायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. घरात आलेले पैसे आणि गेलेले पैसे रोज जुळवणाऱ्या बाईला हे गणित एकदा सांगितले की पुरते.

या भाषणात सगळ्यात मोठा घोटाळा 'कर्ज' या एका शब्दाने होतो. गटात कर्जे दोन असतात. सभासदांनी गटाकडून घेतलेले कर्ज गटाला येणे असते आणि गटाने बँकेकडून घेतलेले कर्ज गटाला देणे असते. आपल्या उदाहरणात पहिले ३,०८,००० आहे आणि दुसरे १,२०,०००. पहिला आकडा वाढला तर गटाचे पैसे जास्त कामाला लागले असा अर्थ होतो. दुसरा वाढला तर गटाची जबाबदारी वाढली. काही सभांत हे दोन्ही मिळवून "एकूण कर्ज चार लाख अठ्ठावीस हजार" असे सांगितलेले ऐकू येते. ही बेरीज करून काहीच कळत नाही, कारण बँकेचे पैसेच पुढे सभासदांना दिलेले असतात आणि तीच रक्कम दोनदा मोजली जाते. म्हणून कोषाध्यक्षांनी भाषणात नुसता 'कर्ज' शब्द वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'सभासदांकडून येणे' आणि 'बँकेचे देणे' असेच म्हणावे.

दुसरा गैरसमज बचतीबद्दलचा. बचत १,४४,००० आहे, पण ती नोटांच्या रूपात कुठेही ठेवलेली नाही. गटाकडे ३१ मार्चला हाताशी असलेले पैसे फक्त ३२,००० आहेत. बाकीची बचत कोणाच्या म्हशीत, कोणाच्या शिलाई मशीनमध्ये, कोणाच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीमध्ये गेली आहे आणि हप्त्याहप्त्याने परत येणार आहे. बचत गट हा भिशीपेक्षा वेगळा पडतो तो इथे. भिशीत जमलेला पैसा त्याच दिवशी एकीच्या हाती जातो आणि फेरी संपली की हिशेबही संपतो. गटात बचत साठत राहते, व्याजाने वाढते आणि फिरत राहते. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बँक-जोडणीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, तेव्हा याच फिरत्या पैशाच्या शिस्तीवर विश्वास ठेवला होता. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब ही पंचसूत्री पाळणाऱ्या गटाला बँकेने तारण न घेता कर्ज द्यावे, हा त्याचा गाभा. पुढे माविमने आणि २०११ पासून 'उमेद' अभियानाने हीच पद्धत महाराष्ट्राच्या गावागावात नेली.

नफा वाटण्याची मागणी जवळजवळ प्रत्येक वार्षिक सभेत होते, आणि तिचे उत्तर याच आकड्यांत आहे. "६१,००० नफा झालाय ना, मग प्रत्येकीला पाच-पाच हजार देऊन टाका," असे कोणीतरी म्हणतेच. कोषाध्यक्षांनी तिथे रागावू नये आणि विषयही टाळू नये. हाताशी ३२,००० आहेत हे दाखवावे. पुढच्या महिन्यात बँकेचा मुद्दलाचा ८,००० चा हप्ता आणि सात टक्के दराने सुमारे ७०० रुपये व्याज द्यायचे आहे, हेही सांगावे. नफा कागदावर खरा आहे, पण तोही कर्जाच्या रूपात सभासदांकडेच गेलेला आहे. तो वाटायचा तर आधी वसूल करावा लागेल, नाहीतर बँकेच्या हप्त्याचे पैसे वाटून टाकले असे होईल. ज्या गटांनी वर्षाअखेरी हौसेने नफा वाटला आणि जूनमध्ये बियाण्या-खतासाठी एकीलाही कर्ज देता आले नाही, त्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे.

तरीही "माझे गटात किती आहेत" हा सभासदाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रुपयांत देता आले पाहिजे. समजा एक सभासद लग्न होऊन किंवा कामासाठी गाव सोडून चालली आहे. तिची बचत १२,०००. गटाच्या नियमावलीत निघून जाणारीला नफ्याचा वाटा द्यायचा असे ठरले असेल, तर ६१,००० चा बारावा भाग म्हणजे ५,०८३ रुपये तिचे होतात. दोन्ही मिळून १७,०८३. तिच्याकडे गटाचे २०,००० येणे असेल, तर वजाबाकी करून तिनेच गटाला २,९१७ द्यायचे आहेत. फिरत्या निधीतून तिला काही मिळत नाही, कारण तो गटाला गट म्हणून मिळालेला असतो. असा एक हिशेब सभेत फळ्यावर खडूने करून दाखवला, तर निघताना होणारी भांडणे पुष्कळ कमी होतील. भांडणाचे कारण सहसा पैसा कमी मिळाला हे नसते, तो कसा काढला हे कळले नाही हे असते.

आता सभासदांकडून येणे असलेल्या ३,०८,००० कडे वळू. हा आकडा बरोबर आहे हे कसे ओळखायचे? कोषाध्यक्षांनी वर्षभराची हालचाल सांगितली की ओळखता येते. आपल्या गटात १ एप्रिलला १,३८,००० येणे होते. वर्षात ३,८०,००० ची नवी कर्जे वाटली, त्यात बँकेचे दोन लाखही आले. वर्षात २,१०,००० मुद्दल परत आले. सुरुवातीची बाकी, अधिक वाटप, वजा मुद्दल वसुली: उत्तर ३,०८,००० येते. तेच उत्तर कर्ज खातेवहीतल्या नऊ जणींच्या शिलकांची बेरीज करून यायला हवे.

इथे हमखास होणारी एक चूक आहे. सभासद हप्ता भरते तेव्हा त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असते. लिहिताना ते वेगळे केले नाही, तर व्याजही मुद्दलात वसूल झाल्यासारखे धरले जाते. आपल्या गटाला वर्षात ३८,४०० व्याज मिळाले. ते वसुलीत मिसळले तर वसुली २,४८,४०० होते आणि येणे बाकी २,६९,६०० निघते. खातेवही मात्र ३,०८,००० दाखवते. दोन्हीतला फरक बरोबर ३८,४०० चा आहे. कोषाध्यक्षांना असा फरक आला तर आधी वर्षाचे व्याज बघावे. फरक व्याजाएवढाच असेल तर पैसे कुठेही गेलेले नाहीत, फक्त रकाना चुकला आहे. अनेक प्रामाणिक बायकांवर असल्या फरकावरून नाहक संशय घेतला जातो, म्हणून हे तपासून बघण्याआधी कोणी कोणावर बोट दाखवू नये.

येणे आणि थकलेले यांतही फरक आहे, आणि भाषणात तो सगळ्यात जास्त झाकला जातो. ३,०८,००० येणे आहे म्हणजे ते थकले आहे असे नाही. त्यातले बहुतेक हप्ते पुढच्या महिन्यांत यायचे आहेत. आपल्या गटात वर्षभरात २,१९,००० मुद्दल यायला हवे होते, त्यातले २,१०,००० आले. ९,००० राहिले. "वसुली शहाण्णव टक्के" असे कोषाध्यक्ष सांगतात, टाळ्या पडतात, आणि ते खोटेही नसते. पण हे ९,००० दोघींचे आहेत आणि त्या दोघींकडे एकूण ५२,००० ची कर्जे बाकी आहेत. ज्या बाईचे तीन हप्ते चुकले तिचे पुढचे हप्ते वेळेवर येतील याची खात्री कोण देणार? म्हणून धोक्यात असलेली रक्कम ९,००० ची नसून ५२,००० ची आहे. ती एकूण येण्याच्या सतरा टक्के होते. शहाण्णव आणि सतरा हे दोन्ही आकडे एकाच गटाचे आणि एकाच दिवसाचे आहेत. भाषणात दोन्ही यावेत, असा सभासदांनी आग्रह धरावा.

बँकेचा अधिकारी सभेला आला असेल तर तो दुसराच आकडा मनात धरून बसलेला असतो. गटाचा बँकेतला हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि पुढचे कर्ज अडते. बँकेच्या दृष्टीने बाराही जणी एकत्र जबाबदार असतात. दोघींनी गटाचे थकवले तरी बाकीच्या दहा जणी बचतीतून बँकेचा हप्ता भरतात, आणि बँकेच्या पासबुकात सगळे आलबेल दिसते. गट आतून पोखरतो तो असा, कोणाला न कळता. म्हणून बँकेची परतफेड वेळेवर आहे एवढ्यावर भाषण थांबवू नये. जाता जाता हेही सांगायला हवे की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार गटाला दहा लाखांपर्यंतचे कर्ज देताना बँकेने तारण मागायचे नसते आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही चढवायचा नसतो. "कर्ज हवे तर बचतीला हात लावू नका" असे कोणी तोंडी सांगत असेल, तर सभेत ते उघडपणे विचारावे.

थकबाकी लपवण्याची एक जुनी रीत आहे. सोसायटीच्या पीककर्जाला ती इतकी लागलेली आहे की गावात तिला नावच पडले आहे: नवे-जुने. एका बाईचे ४०,००० थकलेले असतात. २८ मार्चला ते भरले असे लिहितात आणि त्याच दिवशी तिला ४५,००० चे नवे कर्ज दिले असेही लिहितात. प्रत्यक्षात ५,००० रुपयेच तिच्या हातात जातात. वसुलीचा आकडा ४०,००० ने वाढतो, वाटपाचा ४५,००० ने वाढतो, आणि थकबाकीच्या रकान्यात शून्य येते. हे ओळखायला रोकडवही पुरते. एकाच नावासमोर एकाच तारखेला जमा आणि नावे अशा दोन्ही मोठ्या नोंदी असतील आणि त्या दिवशी बँकेच्या पासबुकात तेवढी रक्कम भरलेली किंवा काढलेली नसेल, तर ते नवे-जुने आहे. कधी कधी त्याला खरे कारणही असते, घरात आजारपण किंवा पावसाने गेलेले पीक. तसे असेल तर गटाने बैठकीत ठराव करून मुदत वाढवून द्यावी आणि इतिवृत्तात लिहावे. मुदतवाढ देण्यात काही कमीपणा नाही. ती वसुली म्हणून दाखवणे मात्र बाकीच्या सभासदांची फसवणूक आहे.

थकबाकीदारांची नावे वार्षिक सभेत वाचावीत का, यावर गटागटांत मतभेद आहेत. माझे मत नावे वाचू नयेत असे आहे. त्या सभेला सरपंच असतात, पाहुणे असतात, कधी सासरची माणसे दारात उभी असतात. तिथे नाव घेतलेली बाई पुढच्या बैठकीला येतच नाही, आणि बैठकीला न येणारीकडून वसुली होणे जवळजवळ अशक्य. किती जणींचे थकले, किती थकले आणि त्यांच्याकडे एकूण किती बाकी आहे, एवढे सभेत सांगावे. नावे आणि कारणे मासिक बैठकीत, बारा जणींच्या रिंगणात बोलावीत. तिथे पुष्कळदा कळते की तिने आणखी दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांचे कर्ज घेतले आहे, त्यांचा माणूस दर आठवड्याला दारात येऊन बसतो, आणि गट आपलाच म्हणून गटाचा हप्ता मागे पडतो. हे कळल्याशिवाय ५२,००० चे काय करायचे ते ठरवता येत नाही.

रोख पैशाबद्दल थोडेसेच. पेटीत १,४०० आहेत हे ठीक. ३१ मार्चला हाती रोख वीस-पंचवीस हजार दाखवली असेल, तर ती सभेतच मोजून दाखवायला सांगावी. एवढी रोख घरात ठेवण्याचे कारण गटाला सहसा नसते, आणि ती कोणाच्या तरी खर्चात गेली असण्याची शक्यता असते. बँकेतली शिल्लक पासबुकावर ३१ मार्चपर्यंतची छापील नोंद करून आणून दाखवावी. तोंडी आकड्यावर समाधान मानू नये.

हिशेब लिहिणारी लिपिका वेगळी असते आणि कोषाध्यक्ष झालेली बाई कधी कधी जेमतेम सही करणारी असते. तिला हे भाषण जमेल का? जमते. तिने वह्या वाचून दाखवायच्या नाहीत. सभेच्या आधीच्या रविवारी लिपिकेकडून एका मोठ्या कार्डशीटवर दोन रकाने लिहून घ्यावेत, डावीकडे 'कुठून आले', उजवीकडे 'कुठे आहेत'. खाली थकबाकीच्या दोन ओळी. सभेत ते भिंतीला लावून एकेका ओळीवर बोट ठेवत बोलावे, आणि दोन्ही बेरजा सभासदांकडूनच करून घ्याव्यात.

तुम्ही एखाद्या गटात असाल तर यंदाच्या सभेला जाताना स्वतःचे पासबुक बरोबर न्या. तुमची बचत आणि तुमचे कर्ज गटाच्या वहीतल्या तुमच्या पानाशी तिथेच जुळवा आणि उठण्याआधी कोषाध्यक्षांना चार आकडे विचारा: सभासदांकडून येणे किती, बँकेचे देणे किती, हाताशी किती, आणि ज्यांचे हप्ते चुकले त्यांच्याकडे एकूण बाकी किती.